भाकरीचं मशीन, एक पान आणि १,२७,००० रुपये

ग्राहक आयोगाच्या मध्यस्थी कक्षातून सांगितलं की बैठकीच्या दहा दिवस आधी तुमचं म्हणणं थोडक्यात लिहून द्या, एक प्रत सामनेवाल्याला, म्हणजे मशीनच्या विक्रेत्यालाही द्या, एका पानात बसलं तर बरं. मी घरी येऊन लिहायला बसले आणि चार पानं झाली. पाठपोट.

मी सोलापुरात कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारीच्या आणि बाजरीच्या. नवी पेठेतली दोन दुकानं आणि विजापूर रोडवरचं एक, अशी माझी बांधलेली गिऱ्हाइकं. मदतीला शेजारीण येते. हातानं दोघी मिळून दिवसाला दीडशेच्या आसपास भाकऱ्या करायचो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मागणी इतकी आली की नाही म्हणताना जिवावर यायचं. म्हणून २१ फेब्रुवारी २०२४ ला भाकरी थापून भाजायचं मशीन घेतलं, जीएसटीसह १,१८,००० रुपयांना. विक्रेता पुण्याकडचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण आमची तडजोड झालेली आहे.

मशीनची प्लेट एकसारखी तापायची नाही. भाकरीची एक बाजू करपायची आणि दुसरी ओली राहायची. ओली राहिली की ती भाकरी कडक होतच नाही, तिसऱ्या दिवशी बुरशी. चार वेळा मेकॅनिक आला. ६ मेला चौथ्यांदा येऊन गेला आणि संध्याकाळी मशीन जे बंद पडलं ते पडलंच. ऑगस्टमध्ये नोटीस पाठवली, ऑक्टोबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील दिला नव्हता. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असली की तक्रारीला फी नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालायची वेळ आली नाही.

समोरच्यांनी लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर दिलं, त्यानंतरच्या तारखेला आयोगानं विचारलं, मध्यस्थीला तयार आहात का? पाच दिवसांत दोघांची लेखी संमती गेली. बैठक ठरली २१ मार्च २०२५.

आता त्या चार पानांबद्दल. पहिल्या पानावर मशीनचं कमी आणि माझ्या मनस्तापाचं जास्त होतं. विक्रेत्याच्या माणसानं फोनवर काय काय शब्द वापरले ते सगळं, तारखेशिवाय. "सरळसरळ फसवणूक" हा शब्द मी मोजून सात वेळा लिहिला होता. आमच्या वाड्यात खाली एक काका राहतात, बँकेत कर्जविभागात आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना पानं दाखवली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदा तो शब्द सातही ठिकाणी खोडला.

म्हणाले, "वहिनी, मध्यस्थीच्या नियमात लिहिलंय, फसवणुकीचे, खोट्या कागदपत्रांचे गंभीर आरोप असले तर ते प्रकरण मध्यस्थीला पाठवत नाहीत. तुम्ही स्वतःच दार लावून घेताय. आणि दुसरं म्हणजे हे पान समोरचा माणूस वाचणार आहे. त्याच्याकडून पैसे घ्यायचेत ना?"

ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती. मी तक्रारीसारखं लिहीत होते, म्हणजे आयोगाला पटवायला. मध्यस्थ निकाल देत नाहीत. त्यांना पटलं तरी ते कुणाला पैसे द्यायला लावू शकत नाहीत. ते पान वाचून ज्यानं खिशात हात घालायचा तो माणूस समोर बसलेला असतो. ते वाचताना त्याला राग आला तर लिहून उपयोग काय?

मग घडलेल्या गोष्टी निवडायला बसलो. काकांनी एक कसोटी लावली: ज्या वाक्याला कागद आहे ते ठेवायचं, बाकीचं तोंडानं सांगायचं. त्यात माझं निम्मं रामायण गळालं. उरल्या पाच तारखा, म्हणजे खरेदीची आणि मेकॅनिक आला त्या चार. प्रत्येक वेळी त्यानं एक चिठ्ठी फाडून दिली होती. मी त्या मशीनच्या खणात कोंबून ठेवल्या होत्या, पिठानं माखलेल्या. २ एप्रिलच्या चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात होतं: "थर्मोस्टॅट बदलला. प्लेट असमान तापते." खाली त्याची सही. इतके महिने ती माझ्याकडे होती आणि तिचं मोल मला कळलं नव्हतं.

कारण समोरच्यांचा मुख्य बचाव होता की दोष मशीनमध्ये नाही, पिठात आहे. ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो, पीठ जुनं असेल किंवा गरम पाण्याची उकड घेतली नसेल तर भाकरीच्या कडा फाटतात. हे खरंच आहे, मला कुणी शिकवायला नको. पण पीठ जुनं असलं तर भाकरी फाटते, ती अर्धी करपून अर्धी ओली राहत नाही. आणि प्लेट असमान तापते हे त्यांच्याच माणसानं लिहून दिलेलं. या एका वाक्यावर सगळं पान उभं राहिलं.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त घाबरवणारा होता. कैफियतीत लिहिलं होतं की मशीन धंद्यासाठी घेतलं, म्हणून मी ग्राहकच नाही. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा कायद्यात ग्राहक धरत नाहीत, हे बरोबर. पण तिथेच स्पष्टीकरण आहे की स्वतः राबून, केवळ पोटापाण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू नाही. शेजारीण मदतीला येते याचं काय, ही मला धास्ती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणातला निकाल आहे: मशीन स्वतः चालवणाऱ्यानं एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. आयोगात ओळख झालेल्या एका वकीलबाईंनी तो सांगितला, चहाच्या कपावर, फी न घेता. मला वाटलं आता यावरच अर्धं पान लिहावं. त्या म्हणाल्या, "एक ओळ पुरे. तिथे वाद जिंकायचा नाहीये. तुम्हाला उत्तर माहीत आहे एवढं त्यांना कळलं की झालं."

नुकसानीचा आकडा हे खरं दुखणं होतं. मशीन चालत-थांबत असतानाही एप्रिलमध्ये दुकानांना रोज तीनशे भाकऱ्या जात होत्या. बंद पडल्यावर पुन्हा दीडशेवर आलो. म्हणजे रोज दीडशेची खोट. भाकरी दुकानाला आठ रुपयांना जाते. मी ६ मेपासून बैठकीच्या दिवसापर्यंत सगळे दिवस मोजले, दीडशेनं गुणले, आठनं गुणले आणि साडेतीन लाखांच्या वरचा आकडा लिहून मोकळी झाले.

काकांनी विचारलं, "जी भाकरी केलीच नाही तिचं पीठ विकत घेतलं होतं का?"

नव्हतं. मग ते पैसे माझे बुडाले कसे? एका भाकरीला पीठ तीन रुपयांचं, गॅस आणि वीज ऐंशी पैसे, शेजारणीची मजुरी एक रुपया, पिशवी आणि पोचवणं सत्तर पैसे. साडेपाच रुपये खर्च. हातात राहतात अडीच. बुडाले ते अडीच, आठ नव्हे. हे कबूल करताना मला वाईट वाटलं, खरं सांगते. आठवर वर्षभर रागावून झालं होतं.

आणि दिवस? नुकसान अमर्याद चालू राहू शकत नाही. ते थांबवायला आपण काय केलं हेही विचारतात. ३१ जुलैपासून मी हातानं थापणारी आणखी एक बाई ठेवली आणि ऑर्डर भरून काढली. म्हणजे खोट ६ मे ते ३० जुलै, ८६ दिवसांची. त्यात १२ रविवार, रविवारी आमचं काम बंद. राहिले ७४. दीडशेप्रमाणे ११,१०० भाकऱ्या, अडीच रुपयांप्रमाणे २७,७५०. नव्या बाईच्या मजुरीचा जादा खर्च मागता आला असता, पण तो मी वहीत नीट लिहिलेला नव्हता, म्हणून सोडला. वाया गेलेल्या पिठाचंही तसंच.

साडेतीन लाखांवरून पावणेअठ्ठावीस हजार! घरात कुणाला पटेना. पण या आकड्याला दुकानांच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या होत्या, एप्रिलच्या तीनशेच्या आणि मे-जूनच्या दीडशेच्या. साडेतीन लाखांच्या आकड्यावर समोरचा हसला असता आणि मग मशीनच्या किमतीवरही त्याचा विश्वास बसला नसता.

शेवटी जे पान गेलं ते असं होतं:

"केवळ मध्यस्थीच्या कामासाठी. तक्रारदाराचे सर्व हक्क राखून.

हकीकत: तक्रारदार घरी कडक भाकऱ्या करून उदरनिर्वाह करते. मशीन ती स्वतः चालवते. मदतीला एक महिला आहे. दि. २१/०२/२०२४ रोजी सामनेवाल्याकडून १,१८,००० रुपयांस मशीन घेतले. वॉरंटी एक वर्ष. दि. ११/०३, ०२/०४, १९/०४ व ०६/०५ रोजी दुरुस्ती झाली. दि. ०२/०४ च्या चिठ्ठीवर सामनेवाल्याच्या मेकॅनिकने 'प्लेट असमान तापते' अशी नोंद केली आहे. दि. ०६/०५ पासून मशीन बंद आहे.

मतभेद: सामनेवाल्याच्या मते दोष पिठाचा व वापराचा आहे. तक्रारदाराच्या मते वरील नोंदीवरून दोष मशीनचा दिसतो.

नुकसान: मशीनची किंमत १,१८,०००. वॉरंटीत असूनही घेतलेले भेट शुल्क ३,२००. मशीनसाठी केलेली वायरिंग ४,६००. निव्वळ बुडालेले उत्पन्न २७,७५० (हिशेब व चिठ्ठ्या सोबत). एकूण १,५३,५५०.

मान्य होईल अशी तडजोड: मशीन काही दिवस चालले, त्याबद्दल ८,५५० वजा करून १,४५,००० रुपये, ३० दिवसांत, बँक खात्यात. पूर्ण रक्कम मिळाल्यावर सामनेवाल्याने स्वखर्चाने मशीन न्यावे. चार दुरुस्त्या निष्फळ झाल्याने पाचवी दुरुस्ती मान्य नाही. बदली मशीनचा प्रस्ताव असल्यास ते तक्रारदाराच्या घरी, तिच्या पिठावर, २०० भाकऱ्या करून दाखवावे. तडजोड झाल्यास मानसिक त्रासाच्या रकमेचा आग्रह नाही."

बस, एवढंच. खाली सही आणि जोडलेल्या कागदांचे क्रमांक.

यातलं "मतभेद" हे कलम काकांनी घालायला लावलं. समोरच्याचं म्हणणं आपल्या हातानं आणि न वाकवता लिहायचं मला जड गेलं. पण पहिल्याच बैठकीत मध्यस्थ मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पानावरून वाद कशावर आहे ते कळलं." विक्रेत्यानंही मान हलवली. त्याचं स्वतःचं पान म्हणजे कैफियतीचीच नक्कल होती, नऊ पानी.

एक गोष्ट पानावर मुद्दाम नव्हती: कमीत कमी किती घेईन. तो आकडा मी आणि नवऱ्यानं आदल्या रात्री ठरवून वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला होता, १,१५,०००. प्रत समोर जाणार म्हटल्यावर तो आकडा पानावर आला असता तर बोलणी तिथूनच खाली सुरू झाली असती. मॅडमनी दोघांना वेगवेगळं बसवून बोलायला घेतलं तेव्हा मला तो विचारला आणि सांगितलं की तुमच्या परवानगीशिवाय तो पलीकडे जाणार नाही. मध्यस्थीत बोललेलं नंतर आयोगापुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच दोघांना समजावलं होतं. तेव्हा मी मोकळेपणानं आकडा दिला.

मी पर्समधून एक डबा पण नेला होता. त्यात मागच्या एप्रिलमधली एक भाकरी, अर्धी काळी. वर्षाची झालेली, खवट वास येत होता. विक्रेत्यानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. काळा भाग बरोबर अर्धवर्तुळाचा होता, पीठ कसंही असलं तरी असं करपत नाही. तो काही बोलला नाही. भाकरी परत डब्यात ठेवली आणि झाकण नीट लावलं. काकांना मी डबा न्यायचं सांगितलं नव्हतं. ते नकोच म्हणाले असते.

त्याचा पहिला देकार: मोफत दुरुस्ती आणि वर दहा हजार. मॅडमनी पानावरच्या दुरुस्तीच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसरा देकार ९५,०००. कारण सांगितलं की वर्षभर मशीन माझ्याकडे आहे, त्याची किंमत उतरली. मी म्हटलं, उतरली ती बंद पडून. पहिल्या दिवशी तिथेच अडलं. मध्यस्थीला पहिल्या हजेरीपासून तीन महिने असतात, त्यामुळे घाई नव्हती. दुसरी बैठक ४ एप्रिलला.

मधल्या काळात त्यानं कंपनीशी बोलून घेतलं असावं. आल्याआल्या १,२०,००० म्हणाला. बदली मशीन देऊ शकत नाही, ते मॉडेल आता येत नाही. बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब त्यानं ओळीओळीनं तपासला, मजुरीचा रुपया कमी धरलाय का असं विचारलं आणि मग निम्मं देतो म्हणाला. निम्मे म्हणजे १३,८७५. माझ्या डोक्यात साडेतीन लाखांचा जुना कागद आला. त्यातलं निम्मं कुणी दिलं असतं? शेवटी सगळं धरून १,२७,००० वर जमलं.

रक्कम ठरली की संपलं असं मला वाटत होतं, पण खरा वेळ त्यापुढे गेला. त्याला आधी मशीन हवं होतं, मला आधी पैसे. मॅडमनी असं बसवलं: ७७,००० पंधरा दिवसांत, ५०,००० पंचेचाळीस दिवसांत, दोन्ही खात्यात. दुसरा हप्ता जमा झाल्यापासून सात दिवसांत त्यानं मशीन न्यायचं, टेम्पो आणि हमाली त्याची. हप्ता चुकला तर उरलेल्या रकमेवर त्या तारखेपासून ९ टक्के व्याज. हे व्याजाचं वाक्य माझ्या पानात नव्हतं आणि ते मी लिहायला हवं होतं. आयत्या वेळी मागितलं तर समोरच्याला वाटतं आता हिला आणखी काहीतरी हवंय. त्यावर पाऊण तास गेला.

लेखी तडजोडीवर दोघांनी सह्या केल्या. मध्यस्थांचा अहवाल आयोगाकडे गेला आणि आयोगानं तडजोड नोंदवून आदेश केला. अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत तो करायचा असतो. हा आदेश हातात असणं महत्त्वाचं, कारण पैसे बुडवले तर वसुलीसाठी त्याच आयोगापुढे जाता येतं, नव्यानं भांडावं लागत नाही.

दोन्ही हप्ते वेळेत आले. मे महिन्यात, भर दुपारी, टेम्पो आला. हमालांनी मशीन उचललं तेव्हा खालच्या फरशीवर पिठाचा चौकोन उमटलेला होता. त्यांच्यातल्या एका पोरानं विचारलं, "मावशी, चालत नाही का हे?" मी म्हटलं, अर्धं चालतं. त्यानं पावतीवर माझी सही घेतली, मी त्याची घेतली. ४,६०० रुपयांची वायरिंग तेवढी मागे राहिली. त्या सॉकेटवर आता शेंगा चटणीसाठी मिक्सर लावते.